ज्यूस, शहाळं आणि संत्रं: स्नॅक लॉग करताना साखरेचा कुठला आकडा धरायचा?

प्रश्न: संध्याकाळी पाचच्या सुमारास ऑफिसमध्ये भूक लागते. कॅलरीच्या ॲपमध्ये बघितलं तर पॅकेटच्या ऑरेंज ज्यूसला साखर १२ ग्रॅम, नारळपाण्याला ६ ग्रॅम आणि एका संत्र्याला पण १२ ग्रॅमच दाखवतंय. मग संत्रं सोलत बसण्यापेक्षा ज्यूस प्यायला तर काय बिघडलं? आणि सगळ्यात कमी म्हणून रोज नारळपाणीच घेतलं तर चालेल का? लॉगमध्ये नक्की काय टाकू?

उत्तर:

तुम्ही लिहिलेले तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, घोळ असा आहे की ते तीन वेगवेगळ्या मापांचे आहेत आणि ॲप ते माप बारीक अक्षरात कुठेतरी खाली लिहितं. ज्यूसचे १२ ग्रॅम बहुतेक १०० मिलीचे असतात, पॅकेटवरून उचललेले. नारळपाण्याचे ६ ग्रॅम म्हणजे अमेरिकन डेटाबेसमधला एक कप, साधारण २४० ग्रॅम पाणी. आणि संत्र्याचे १२ म्हणजे एक मध्यम संत्रं, ज्याचा सोललेला गर १३१ ग्रॅम धरलाय. आता तुम्ही सांगा, ऑफिसात १०० मिली ज्यूस कोण पितं? छोटा टेट्रापॅक फोडला की स्ट्रॉ शेवटपर्यंत खेचून २०० मिली संपवतो आपण, मग साखर झाली २४ ते २६ ग्रॅम. शहाळं पण एक कप वगैरे नसतं, एका शहाळ्यात २०० पासून ४०० मिलीपर्यंत काहीही निघतं. त्यामुळे आधी माप एक करायचं, तुलना नंतर.

माझ्याकडे येणाऱ्या एका ताईंचं उदाहरण सांगते, त्या हिंजवडीला आयटीत आहेत, लॉग एकदम मन लावून करतात, किचनचा वजनकाटा पण घेतलेला. त्यांच्या लॉगमध्ये आठवड्याचे पाचही दिवस संध्याकाळी "मिक्स फ्रूट ज्यूस, १ सर्व्हिंग, साखर १३ ग्रॅम" असं होतं आणि फळ म्हणाल तर एकही नाही. का तर आधी त्या संत्रं, सफरचंद टाकायच्या तेव्हा ॲपमधली साखरेची पट्टी लाल व्हायची, म्हणून फळं बंद केली आणि ज्यूस "बसतो" म्हणून ज्यूस सुरू. पॅकेट मागवून बघितलं तर १३ ग्रॅम हे १०० मिलीचे, पॅक २०० मिलीचा. म्हणजे लॉगमध्ये आठवड्याला ६५ ग्रॅम आणि पोटात १३०. आणि बारकोड स्कॅन करूनसुद्धा हे झालं, कारण बारकोडमागची माहिती कुणीतरी दुसऱ्याच युजरने भरलेली असते, त्याने १०० मिलीचा रकाना बघून "एक सर्व्हिंग" असं टाकून दिलं की पुढचे सगळे तेच ओढत बसतात.

म्हणून पॅकेट हातात घेऊन मागची बाजू एकदा तरी नीट बघा, एकदाच बघायचंय, रोज नाही. तिथे न्यूट्रिशनचा तक्ता असतो, त्यात प्रति १०० मिलीचा रकाना असतो, सर्व्हिंग साइज आणि पॅकमध्ये किती सर्व्हिंग हे वेगळं लिहिलेलं असतं. कार्बोहायड्रेटच्या खाली दोन ओळी शोधा, टोटल शुगर आणि ॲडेड शुगर. समजा टोटल १३ आणि ॲडेड ९ लिहिलंय, तर २०० मिलीच्या पॅकमध्ये एकूण साखर २६ ग्रॅम आणि त्यातली वरून घातलेली १८ ग्रॅम. बाजूला आरडीएचे, म्हणजे दिवसभरासाठी ठरवलेल्या प्रमाणाचे टक्के असतात, त्यात ॲडेड शुगरसमोर ३६ टक्के दिसेल आणि वाटेल की अजून बराच वाव आहे. पण तो हिशोब दिवसाला ५० ग्रॅम ॲडेड शुगर धरून केलेला असतो, २००० कॅलरीच्या आहाराला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली जी मर्यादा सांगितली ती एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण तेच ५० ग्रॅम, पण ५ टक्क्यांच्या आत म्हणजे २५ ग्रॅमपर्यंत आणली तर अजून बरं असंही त्यात आहे. मी लोकांना २५ चाच आकडा देते, कारण आपल्याकडे दोन-तीन वेळा चहा होतो आणि त्यातली साखर कुणी लॉग करत नाही.

आता "नो ॲडेड शुगर" वाले ज्यूस. ह्याच्यात ॲडेड शुगर शून्य लिहिलेलं असतं ते खोटं नाही, पण टोटल शुगर बघा, १०० मिलीला १० ते १२ ग्रॅम असतेच, फळातूनच आलेली. एक लिटरचा मोठा पॅक घरी आणला की ग्लासात २५० मिली सहज ओतला जातो आणि २५ ते ३० ग्रॅम साखर झाली पण. ह्यातले बरेचसे ज्यूस काँसंट्रेटमध्ये पाणी मिसळून परत तयार केलेले असतात. अशा ज्यूसवर "१०० टक्के फ्रूट ज्यूस" असा दावा लिहायचा नाही, लेबलवरून आणि जाहिरातीतून काढून टाका, असं एफएसएसएआयने, म्हणजे आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, जून २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं. त्याच वेळी हेही परत बजावलं की किलोमागे १५ ग्रॅमपेक्षा जास्त गोडवा वरून घातला असेल तर ज्यूसवर "स्वीटन्ड ज्यूस" असं लिहायला लागेल. तेव्हा पॅकवर पुढे काय छापलंय ते सोडा, मागे घटकांची यादी वाचा, ती जास्त वजनाच्या घटकापासून कमीकडे लिहिलेली असते. पाणी, मग साखर, मग फळाचा पल्प असा क्रम दिसला तर तो ज्यूस नाहीच, ते फ्रूट ड्रिंक आहे आणि फ्रूट ड्रिंकमध्ये फळाचा भाग कमीत कमी १० टक्के असला तरी नियमात बसतं. जरा गणित करून बघा, आंब्याच्या पेयात १२ टक्के पल्प असेल आणि त्या पल्पमध्ये १४-१५ टक्के साखर धरली तर १०० मिलीला फळातून दोन ग्रॅमसुद्धा येत नाहीत, मग लेबलवर १३ ग्रॅम लिहिलेत ते बाकीचे ११ कुठून आले? साखरेच्या पोत्यातून. हे पेय लॉगमध्ये "मँगो ज्यूस" म्हणून टाकू नका, कारण ॲप तुम्हाला वेगळीच एंट्री देईल, हाताने लेबलचे आकडे भरा.

शहाळ्याकडे येते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे, एकतर लोक त्याला नुसतं पाणी समजतात नाहीतर डायबेटिसवाल्यांनी अजिबात घ्यायचं नाही असं समजतात. अमेरिकन तक्त्यात नारळपाण्याला १०० ग्रॅममागे २.६ ग्रॅम साखर आहे, आणि ॲपमधला तुमचा ६ चा आकडा तिथूनच आलाय. पण कोवळ्या शहाळ्याचं पाणी ह्यापेक्षा गोड असू शकतं, ४ ते ५ ग्रॅमपर्यंत जातं. नारळ झाडावर वाढत असताना त्याच्या पाण्यातली साखर बदलत जाते. अगदी कोवळं, आत मलई धरलेलीच नाही असं असेल तर पाणी जरा तुरट-खारट आणि कमी गोड. मग सहा-सात महिन्यांचं झालं, आत पातळ, चमच्याने निघेल अशी मलई आली की पाणी सगळ्यात गोड. त्यानंतर खोबरं जाड व्हायला लागलं की पाणी पण कमी होत जातं आणि गोडी पण, म्हणून घरी पूजेचा नारळ फोडतो त्याचं पाणी तेवढं गोड लागत नाही.

म्हणजे गाडीवर आपण "पाणीवालं द्या" किंवा "पातळ मलईवालं द्या" म्हणतो तेव्हा नकळत साखरेचाच आकडा निवडत असतो. लॉगसाठी मी सरळ दोन एंट्र्या करायला सांगते, स्वतःच्या नावाने सेव्ह करायच्या: "शहाळं कोवळं" १०० मिलीला ३ ग्रॅम आणि "शहाळं मलईवालं" १०० मिलीला ४.५ ग्रॅम. हे प्रयोगशाळेतले आकडे नाहीत, कामचलाऊ आहेत, पण अमेरिकन कपापेक्षा आपल्या गाडीवरच्या शहाळ्याच्या जास्त जवळ जातात. पाणी मोजायचं कसं, तर स्ट्रॉने पिऊ नका, शहाळेवाल्याला सांगा की बाटलीत ओता, आणि बाटली अर्ध्या लिटरची असेल तर कुठपर्यंत भरली त्यावरून अंदाज येतो. असं चार-पाच वेळा केलं की मग नुसतं शहाळं बघून कळायला लागतं. एक सांगून ठेवते, मोठं शहाळं म्हणजे जास्त पाणी असं नसतं, काहींची साल आणि काथ्याच जाड असतो.

मलई खाल्ली तर ती वेगळी टाका. तिच्यात साखरेचा प्रश्न फारसा नाही, पण फॅट आहे, आणि मलई जितकी जाड तितकं जास्त. पाण्याच्या एंट्रीत मलई आपोआप येत नाही, लोक हे हमखास विसरतात. आणि पॅकेटमधलं किंवा बाटलीतलं नारळपाणी घेत असाल तर वर ज्यूसचं सांगितलं तोच नियम, घटकांमध्ये साखर आहे का बघा, काही ब्रँडमध्ये असते, काहींत नसते, पॅकवरचं हिरवं नारळाचं चित्र मात्र सगळ्यांवर सारखंच असतं!

संत्र्याचं सोपं आहे पण तिथेही एक चूक होते, लोक सालासकट वजन करून ॲपमध्ये टाकतात. ॲपमधले फळाचे ग्रॅम म्हणजे खाण्याचा भाग, साल-बिया काढून. त्या हिंजवडीच्या ताईंनी एक दिवस तिन्ही गोष्टी मोजल्या, ते आकडे तुमच्यासाठी घेते. नागपुरी संत्रं सालासकट १६० ग्रॅम, साल, बिया आणि धागे गेले ४५ ग्रॅम, राहिलं ११५. संत्र्यात १०० ग्रॅमला साधारण ९.४ ग्रॅम साखर आणि २.४ ग्रॅम फायबर, म्हणजे ह्या एका संत्र्यात ११ ग्रॅम साखर, पावणेतीन ग्रॅम फायबर, ५४ कॅलरी. शहाळ्यातून निघालं ३२० मिली पाणी, पातळ मलईवालं होतं, तर ४.५ ने धरलं की १४ ग्रॅम साखर, कॅलरी साठ-सत्तरच्या आसपास. आणि ज्यूसचा २०० मिलीचा पॅक, साखर २६ ग्रॅम, कॅलरी १०५ ते ११०, फायबर जवळजवळ नाहीच. ॲपच्या पहिल्या आकड्यांत शहाळं ६, ज्यूस १२, संत्रं १२ होतं, आणि खरं माप घेतल्यावर संत्रं ११, शहाळं १४, ज्यूस २६. क्रमच बदलला.

फळ पण फळ बदलतं हो. मृग बहाराचं संत्रं, फेब्रुवारी-मार्चला येणारं, अंबिया बहाराच्या संत्र्यापेक्षा गोड लागतं, पण त्यासाठी लॉगमध्ये एक-दीड ग्रॅमचा खल करत बसू नका, तेवढा फरक कुठल्याच ॲपला कळत नाही. आणि जिभेवर पण फार भरवसा ठेवू नका, आंबटपणा असला की साखर लपते. आंबट संत्र्यातही साखर असतेच, आणि ज्यूसमध्ये सायट्रिक ॲसिड घातलेलं असतं म्हणून १३ टक्के साखर असूनही तो "फार काही गोड नाही" असा लागतो.

आता तुमचा खरा प्रश्न, की समजा मोजूनमापून १०० मिलीच ज्यूस घेतला, मग तो आणि संत्रं सारखं झालं ना, दोन्हीत १२ ग्रॅम? ग्रॅममध्ये हो. पण ती साखर ज्यातून येतेय ते वेगळं आहे. फळात ती पेशींच्या भिंतींच्या आत, फायबरमध्ये अडकलेली असते, चावावं लागतं, वेळ लागतो. ह्यावर एक जुना आणि मला फार आवडणारा प्रयोग आहे, १९७७ साली लॅन्सेटमध्ये आलेला. लोकांना सफरचंद तीन प्रकारे दिलं, अख्खं, त्याचीच प्युरी करून आणि फायबर काढलेला ज्यूस करून, तिन्हीत कार्बोहायड्रेट सारखंच. सावकाश खा-प्या असं काही सांगितलं नाही तेव्हा ज्यूस हा अख्ख्या फळापेक्षा ११ पट वेगाने संपला आणि प्युरीपेक्षा ४ पट. पोट भरल्याची भावना सगळ्यात जास्त अख्ख्या सफरचंदाने, मग प्युरीने आणि सगळ्यात कमी ज्यूसने. वर ज्यूसनंतर इन्सुलिन जास्त वाढलं आणि नंतर रक्तातली साखर जास्त खाली घसरली, अख्ख्या सफरचंदानंतर तशी घसरली नाही. पाचला ज्यूस प्यायल्यावर साडेसहाला वडापाव आठवतो त्यात हे पण एक कारण आहे, सगळं काही तुमच्या मनाच्या कमकुवतपणावर ढकलू नका. २००९ च्या एका अभ्यासात जेवणाआधी अख्खं सफरचंद खाल्लेल्या लोकांनी जेवणात एकूण ऊर्जा १५ टक्के कमी घेतली, सफरचंदाच्या कॅलरी मोजून सुद्धा. ज्यूसने तसं झालं नाही, ज्यूसमध्ये फायबर परत मिसळून दिलं तरी नाही. म्हणून "मी ज्यूसमध्ये इसबगोल टाकून पितो" म्हणणाऱ्यांना माझं उत्तर, प्या, सकाळी पोटाला बरं पडेल, पण ते संत्रं होत नाही.

ह्याच कारणासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत ज्यूसमधली साखर, भले ती शंभर टक्के फळातली असो, "फ्री शुगर" मध्ये धरतात, मध आणि सरबताच्या रांगेत. अख्ख्या फळातली धरत नाहीत. आणि इथेच बहुतेक ॲप गंडतात, कारण त्यांची साखरेची पट्टी टोटल शुगरची असते, तिला संत्रं आणि ज्यूस एकच. ॲडेड शुगरचा वेगळा रकाना असला तरी अर्ध्या एंट्र्यांमध्ये तो रिकामा असतो आणि रिकामा म्हणजे शून्य असं ॲप समजतं. म्हणून लाल पट्टी बघून फळ बंद करू नका. मी काय करायला सांगते, तर ॲपमधलं साखरेचं टार्गेट बंदच करा किंवा त्याच्याकडे बघू नका, आणि नोट्सच्या जागेत रोज एक आकडा हाताने लिहा, फ्री शुगर. चहातली साखर, बिस्किटं, ज्यूसची सगळी साखर ह्यात येणार. फळ शून्य. शहाळ्याच्या बाबतीत मी स्वतः ती साखर फ्री शुगरमध्ये धरते, कारण ती पिऊन जाते, चावून नाही, फायबरची अडवणूक जवळपास नाही, काहीजण धरत नाहीत आणि त्यावर वाद घालता येईल, पण वजन किंवा शुगर कमी करायला बसलात तर धरलेलं बरं.

तुमच्या दिवसाचं असं दिसेल. सकाळ-दुपारचे दोन चहा, दोन-दोन सपाट चमचे साखर म्हणजे एका चमच्याला ४ ग्रॅमने १६ ग्रॅम. संध्याकाळी संत्रं, फ्री शुगर शून्य, दिवस १६ वर संपला. त्याऐवजी मलईवालं शहाळं घेतलं तर ३०. ज्यूसचा पॅक घेतला तर ४२. आता शहाळं रोज चालेल का ते तुम्हालाच दिसतंय, उन्हाळ्यात दुपारी फिरतीवर असाल, घाम गेलाय, तर उत्तम आहे, ज्यूसपेक्षा शंभरदा बरं, पण एसीत बसून पाचच्या भुकेवर ते उतारा नाही कारण पोट भरत नाही, वीस मिनिटांत परत काहीतरी शोधाल. भुकेसाठी संत्रं आणि बरोबर मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे. एकटं संत्रं पण ५४ कॅलरीच आहे, साडेआठच्या जेवणापर्यंत टिकणार नाही, आणि सोलायचा कंटाळा असेल तर पेरू घ्या, सोलावा लागत नाही, १०० ग्रॅमला ९ ग्रॅम साखर पण फायबर ५ ग्रॅमच्या वर, ह्या बाबतीत पेरूच्या जवळपास फारशी फळं नाहीत. द्राक्षं मात्र वजन करूनच घ्या, १०० ग्रॅमला १५ ग्रॅम साखर, फायबर एक ग्रॅमपण नाही आणि कॉम्प्युटरसमोर अर्धा किलो कधी संपली ते कळत नाही.

केळ्याबद्दल कुणी ना कुणी विचारेलच म्हणून लिहिते. केळ्यात १०० ग्रॅमला साखर १२ ग्रॅम दाखवतं, संत्र्यापेक्षा थोडीच जास्त, पण कार्बोहायड्रेट २३ ग्रॅम आहे, उरलेलं बरंचसं स्टार्च. केळं पिकत जातं तशी त्या स्टार्चची साखर होत जाते, एकूण कार्बोहायड्रेट तेवढंच. म्हणजे नुसती साखरेची ओळ बघून फळं निवडलीत तर कच्चट केळं फारच गुणी दिसेल. ज्यांना डायबेटिस आहे, आणि खास करून जे इन्सुलिन घेतात, त्यांनी साखरेची ओळ सोडून कार्बोहायड्रेटचीच ओळ लॉग करायची, डोस त्याच्यावर ठरतो. त्यांच्यासाठी अख्खं फळ सुद्धा शून्य नाही, फ्री शुगरचा हिशोब वेगळा आणि कार्बचा वेगळा, हे दोन एकत्र करू नका.

घरच्या किंवा टपरीवरच्या ताज्या ज्यूसचं पण विचाराल. ताज्या संत्र्याच्या रसात १०० मिलीला साखर ८ ते ९ ग्रॅम, पॅकेटपेक्षा थोडी कमी, पण एका मोठ्या ग्लासाला तीन-चार फळं पिळली जातात आणि चार संत्री एका बैठकीत सोलून कुणी खात नाही. टपरीवर साखरेचा पाक घालतात तो न सांगता घालतात, आधीच "साखर नको" म्हणा. लॉगमध्ये ग्लास नका लिहू, मिली लिहा, टपरीचा ग्लास बर्फासकट ३०० मिलीचा दिसला तरी रस २०० च असतो.

दोन ठिकाणी हे सगळं गणित बाजूला ठेवायचं. एक म्हणजे किडनीचा त्रास असलेले लोक. नारळपाण्यात १०० मिलीला साधारण २५० मिलीग्रॅम पोटॅशियम असतं, ३२० मिलीच्या त्या शहाळ्यात ८०० झालं, आणि किडनी ते बाहेर टाकू शकत नसेल तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. बीपीच्या काही गोळ्या, जसं टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन, पण पोटॅशियम वाढवतात. असं काही असेल तर "साखर कमी आहे म्हणून रोज शहाळं" हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका, तिथे साखर हा मुद्दाच नाही.

दुसरं, शुगर लो होणं. इन्सुलिन किंवा काही ठराविक गोळ्या घेणाऱ्यांची साखर ७० च्या खाली गेली, घाम, थरथर सुरू झाली, तर तेव्हा ज्यूसचा जो दोष म्हणतोय आपण तोच कामाला येतो, लवकर चढतो. १५ ग्रॅम साखर लागते, म्हणजे पॅकेटचा ज्यूस साधारण १२० मिली, अर्ध्या पॅकपेक्षा थोडा जास्त, मग १५ मिनिटांनी परत तपासायचं आणि अजून खालीच असेल तर परत तेवढाच. माणूस गिळू शकत नसेल, शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, सरळ हॉस्पिटल. अशा वेळी शहाळ्याचं पाणी नका देऊ, तेवढ्या साखरेला ३३० ते ५०० मिली प्यावं लागेल, आणि संत्रं सोलून चावत बसायलाही वेळ नसतो. हा ज्यूस लॉगमध्ये टाका पण स्नॅकमध्ये नको, "शुगर लो" म्हणून वेळेसकट वेगळा टाका, आधीची रीडिंग पण लिहा, म्हणजे पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना दुपारचा डोस जास्त होतोय का ते बघता येतं.